एका कंपनीचे दोन नफे

साताऱ्याहून सज्जनगड, ठोसेघर करत वर चढलं की चाळकेवाडीचं पठार लागतं आणि दोन्ही अंगांना पवनचक्क्या दिसू लागतात. सह्याद्रीच्या माथ्यावर वारा मुबलक आहे, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण आयकर कायद्यात आहे. या पठारांवर आणि राज्यात इतरत्रही पवनचक्क्यांत पैसा घालणाऱ्यांमध्ये अशा कितीतरी कंपन्या होत्या, ज्यांचा विजेशी संबंध महिन्याचं बिल भरण्यापुरता. कुणाचं सूत, कुणाचे सुटे भाग. त्यांना विजेपेक्षा घसारा हवा होता.

यंत्र घेतलं की त्याची किंमत एकदम खर्चात टाकता येत नाही. ते जितकी वर्षं चालेल तितक्या वर्षांत थोडी थोडी टाकायची, त्याला हिशेबनीस घसारा म्हणतात. पण दर वर्षी किती टाकायची हे सांगणारे कायदे दोन आहेत. कंपनी कायदा सांगतो, पवनचक्कीचं आयुष्य २२ वर्षं धरा आणि तेवढ्या काळात किंमत वसूल करा. आयकर कायद्याचा दर वेगळा, कारण सरकारला पवनचक्क्या उभ्या राहायला हव्या होत्या. एके काळी पवनचक्कीची शंभर टक्के किंमत पहिल्याच वर्षी उत्पन्नातून वजा करायला परवानगी होती, पुढे ती ८० टक्के झाली, २०१७पासून ४० टक्क्यांवर आली.

म्हणजे एकाच यंत्रावरचा घसारा एका हिशेबात थोडा आणि दुसऱ्यात भरमसाट. पहिला हिशेब वार्षिक अहवालात छापला जातो. भागधारक तो बघतात, बँक तो बघून कर्ज देते, संचालक त्यावर लाभांश जाहीर करतात. दुसरा आयकर विवरणपत्रासोबत जातो. दोन्ही कायदेशीर आहेत. ‘दोन वह्या’ म्हटलं की आपल्या मनात काळा पैसा येतो, पण इथे तसं काही नाही. लपवाछपवी नाही आणि दोन्ही वह्या सरकारला माहीत असतात. तरीही वार्षिक सभेत भरघोस नफा सांगणारी कंपनी करखात्यापुढे जवळजवळ रिकाम्या हातानं उभी राहू शकते. किमान पर्यायी कर, बोलीभाषेत ‘मॅट’, जन्माला आला तो यासाठी.

आकड्यांत बघू. उदाहरण काल्पनिक आहे, पण दर खरे, २०१५-१६ या आर्थिक वर्षातले. कोल्हापूरजवळची एक फौंड्री, कंपनी म्हणून नोंदलेली, उलाढाल २०० कोटींची. तिनं २२ कोटींची पवनचक्की घेऊन वर्षाच्या पहिल्या सहामाहीत चालू केली. (तारखेला महत्त्व आहे. यंत्र वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर पहिल्या वर्षी निम्माच घसारा मिळतो. त्यामुळे अशा खरेदीत सप्टेंबर अखेरीपर्यंत आणि मग पुन्हा मार्चअखेरीला विलक्षण घाई असते.) पवनचक्कीचा घसारा सोडून बाकी सगळं धरलं तर कंपनीचा नफा २५ कोटी.

कंपनी कायद्याप्रमाणे २२ कोटी भागिले २२ वर्षं, म्हणजे मोघम १ कोटी घसारा. छापील नफा २४ कोटी. आयकरात त्या वर्षी पवनचक्कीला ८० टक्के घसारा होता आणि नव्या यंत्रावर आणखी २० टक्के अतिरिक्त घसारा मिळे. म्हणजे २२च्या २२ कोटी पहिल्याच वर्षी वजा. करपात्र उत्पन्न उरलं ३ कोटी. त्यावर ३० टक्क्यांनी कर ९० लाख. अधिभार आणि उपकर सोपेपणासाठी बाजूला ठेवू.

आता मॅट काय म्हणतो? नेहमीच्या रीतीनं कर काढा. मग छापील नफा घ्या, त्यात काही ठरलेल्या दुरुस्त्या करा आणि त्यावर मॅटच्या दरानं दुसरा आकडा काढा. दोहोंत जो मोठा तो भरा. त्या वर्षी मॅटचा दर साडेअठरा टक्के होता. २४ कोटींवर ४ कोटी ४४ लाख. फौंड्रीला ९० लाखांऐवजी हा आकडा भरावा लागला.

इथे पुष्कळ जण थांबतात आणि म्हणतात, सरकारनं एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं काढून घेतलं. पण हिशेब अजून संपलेला नाही. जे जादा ३ कोटी ५४ लाख भरले, ते कंपनीच्या नावावर जमा राहतात. याला मॅट क्रेडिट म्हणतात. पुढच्या ज्या वर्षी नेहमीचा कर मॅटपेक्षा जास्त होईल, त्या वर्षी तेवढ्या फरकापुरतं क्रेडिट वापरता येतं.

दुसऱ्या वर्षी फौंड्रीचा धंदा तसाच चालला असं समजू. पवनचक्कीचा आयकरातला घसारा संपून गेला, म्हणून करपात्र उत्पन्न पूर्ण २५ कोटी आणि कर साडेसात कोटी. मॅट पुन्हा ४ कोटी ४४ लाख. फरक ३ कोटी ६ लाख, तितकं क्रेडिट वळतं झालं आणि कंपनीनं रोख भरले ४ कोटी ४४ लाखच. शिल्लक क्रेडिट ४८ लाख. तिसऱ्या वर्षी साडेसात कोटींतून ते ४८ लाख वजा होऊन ७ कोटी २ लाख भरले.

तिन्ही वर्षांची बेरीज १५ कोटी ९० लाख. मॅट नसताच तर? पहिल्या वर्षी ९० लाख, मग साडेसात, पुन्हा साडेसात. बेरीज तीच, १५ कोटी ९० लाख. या कंपनीपुरता मॅटनं कर वाढवला नाही, फक्त अलीकडे ओढला. पैसा दोन-तीन वर्षं आधी सरकारकडे गेला आणि त्यावरचं व्याज बुडालं, एवढीच झळ. मॅटविषयी उद्योगांची जी ओरड असते तिच्यात या प्रकारच्या कंपन्यांचा आवाज मोठा असतो. ती सगळी खरी मानू नये.

खरी ओरड दुसऱ्यांची आहे, आणि ती रास्त आहे. पण आधी हा कर आला कसा ते सांगितलं पाहिजे.

विकासासाठी सवलती द्यायच्या आणि मग त्यांचा ढीग झाला की घाबरायचं, हे आपल्याकडे जुनं आहे. १९८३ साली प्रणव मुखर्जी अर्थमंत्री असताना पहिला प्रयत्न झाला. ठरावीक सवलती कितीही असल्या तरी त्यांनी नफ्याचा ७० टक्क्यांहून जास्त भाग खाता कामा नये, अशी मर्यादा आली. ती पुरेशी पडली नाही. ‘झीरो टॅक्स कंपन्या’ हा शब्द वर्तमानपत्रांत रूढ होता. धीरूभाई अंबानींच्या रिलायन्सचं नाव त्यात हटकून घेतलं जाई, कारण भराभर नवे कारखाने टाकणारी कंपनी घसारा आणि गुंतवणूक सवलतींच्या जोरावर कायद्याच्या चौकटीत राहूनच करपात्र उत्पन्न शून्यावर आणू शकत होती. १९८७ साली विश्वनाथ प्रताप सिंह संरक्षण खात्यात गेले होते आणि अर्थखातं पंतप्रधान राजीव गांधींकडे होतं. त्यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात कलम ११५जे आलं. पुस्तकी नफ्याचा ३० टक्के भाग हेच कंपनीचं उत्पन्न समजायचं आणि त्यावर कर घ्यायचा. भरभराटीला आलेल्यांनी निदान काहीतरी कर भरावा, हा त्यामागचा युक्तिवाद त्यांनी संसदेत उघडच मांडला.

हे कलम तीनच वर्षं जगलं. १९९० साली मधु दंडवते अर्थमंत्री असताना ते गेलं. १९९६ साली पी. चिदंबरम यांनी जवळपास त्याच साच्यात ते परत आणलं, या खेपेला ‘मॅट’ हे नाव घेऊन. २००० साली यशवंत सिन्हांनी साचा बदलला आणि ‘३० टक्के उत्पन्न समजा’ हा वळसा काढून टाकला. पुस्तकी नफ्यावर थेट साडेसात टक्के कर, कलम ११५जेबी. पुढची पंचवीस वर्षं हेच कलम चाललं, दर मात्र चढत गेला. आधी दहा, मग पंधरा, अठरा, साडेअठरा. २०१९ साली तो पुन्हा पंधरावर आला. साडेसातवरून साडेअठरा म्हणजे जवळजवळ अडीचपट. ‘काहीतरी भरा’ म्हणून आलेला कर दहा-बारा वर्षांत पूर्ण कराच्या निम्म्याहून पुढे गेला होता.

या कराचा पाया कंपनीनं स्वतः छापलेला नफा हा आहे, आणि मला त्यातली खोच आवडते. भागधारकांना ‘आम्ही २४ कोटी कमावले’ म्हणून सांगता ना, मग तोच आकडा आम्ही धरतो, असं करखातं म्हणतं. नफा कमी दाखवून कर वाचवावा तर शेअरचा भाव पडतो आणि बँक भुवया उंचावते. मालकाच्या दोन हौशी एकमेकींवर सोडून दिल्या आहेत.

पण म्हणूनच करनिर्धारण अधिकाऱ्याचे हात इथे बांधलेले आहेत. ‘तुमचा छापील नफाच चुकीचा आहे’ असं म्हणून त्याला तो नव्यानं मांडता येतो का? सर्वोच्च न्यायालयानं २००२ साली अपोलो टायर्सच्या खटल्यात सांगितलं, नाही. हिशेब कंपनी कायद्याप्रमाणे तयार झाले, लेखापरीक्षकानं तपासले आणि सर्वसाधारण सभेपुढे आले, की अधिकाऱ्यानं ते जसेच्या तसे धरायचे. कलमात ज्या बेरजा-वजाबाक्या लिहून दिल्या आहेत तेवढ्याच करायच्या. खटला जुन्या ११५जे खालचा होता, पण नव्या कलमालाही तोच निकाल लावला जातो.

त्या बेरजा-वजाबाक्या बऱ्याच आहेत. नफ्यातून आयकर वजा केला असेल तर परत मिळवा. राखीव निधीत रक्कम टाकली असेल तर परत मिळवा, कारण तो खर्च नव्हे, एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकलेला पैसा आहे. शेतीउत्पन्नासारखं करमुक्त उत्पन्न वगळा आणि त्यासाठी केलेला खर्चही वगळा. हा सगळा हिशेब सीएनं तपासून फॉर्म २९बीमध्ये प्रमाणित करायचा असतो. यातल्या बहुतेक बाबी रूक्ष आहेत आणि त्यांच्यावर फारसं भांडण होत नाही. भांडण होतं ते तरतुदींवर.

कंपनी नफ्यातून काही रक्कम ‘पुढे लागेल’ म्हणून बाजूला काढते. देणं नक्की ठरलेलं असेल तर ती तरतूद मॅटलाही मान्य असते. देणं अजून हवेतच असेल तर ती परत मिळवायची. आता ग्राहकांकडची बुडीत होऊ घातलेली येणी घ्या. दोन कोटी येणं आहे, त्यातले पन्नास लाख बुडतील असं वाटतं म्हणून तेवढी तरतूद केली. ती अनिश्चित देण्यासाठीची तरतूद आहे का? एचसीएल कॉमनेटच्या खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालय म्हणालं, हे देणंच नव्हे. येणं ही मालमत्ता आहे, तिची किंमत घटली म्हणून केलेली ही तरतूद आहे, आणि कलमातल्या ‘देणं’ या शब्दात ती बसत नाही. सबब परत मिळवायची नाही. कंपनी जिंकली. पुढच्याच वर्षी संसदेनं कलमात नवा खंड घातला, की मालमत्तेची किंमत घटल्यापोटी केलेली तरतूदही परत मिळवावी, आणि तो लागू केला मागच्या तारखेनं, १ एप्रिल २००१पासून. म्हणजे ज्याला न्यायालयानं ‘नाही’ म्हटलं, त्यालाच कायदा मागच्या वर्षांसाठीही ‘हो’ म्हणू लागला. कर कायद्यात मागच्या तारखेचा हा खेळ नवा नाही, पण आठ वर्षांपूर्वीचा हिशेब उकरणारी दुरुस्ती कोणत्याही कारणासाठी असली तरी वाईटच म्हणावी लागते.

आता ती रास्त ओरड. फौंड्रीची सवलत ही पुढे-मागे होणारी सवलत होती. घसारा आज जास्त घेतला तर उद्या कमी मिळतो, म्हणून क्रेडिट परत येतं. पण काही सवलती कायमच्या असतात, म्हणजे उत्पन्नच माफ. विशेष आर्थिक क्षेत्रातल्या, सेझमधल्या युनिटांना तशी होती. पुण्याजवळ हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये अशी क्षेत्रं आहेत. निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षं शंभर टक्के सूट, पुढची पाच वर्षं पन्नास टक्के, त्यापुढची पाच वर्षं नफा पुन्हा धंद्यात घातला तर पन्नास टक्के. २००५च्या कायद्यानं हे वचन दिलं तेव्हा सेझला मॅटही नव्हता. २०११च्या अर्थसंकल्पानं ही सूट काढून घेतली.

शंभर रुपये निर्यात-नफा धरून बघा. पहिली पाच वर्षं नेहमीचा कर शून्य, मॅट साडेअठरा रुपये. भरा आणि क्रेडिट जमा करा. सहाव्या वर्षी सूट निम्म्यावर आली, पन्नास रुपये करपात्र झाले. ३० टक्क्यांनी कर पंधरा रुपये. मॅट अजूनही साडेअठरा! क्रेडिट वापरायला नेहमीचा कर मॅटपेक्षा मोठा हवा, आणि तो तर लहानच आहे. म्हणजे वापर बाजूलाच, आणखी साडेतीन रुपये क्रेडिट साठतं. दहा वर्षं अशी गेली. क्रेडिटची मुदत त्या काळी दहा वर्षांची होती. पहिल्या वर्षी भरलेले साडेअठरा रुपये वापरण्याची वेळ यायच्या आतच ते बाद होणार, हे साधं अंकगणित ज्यानं केलं त्याला दिसत होतं. २०१७ साली मुदत पंधरा वर्षांची केली, पण तिसऱ्या पाच वर्षांतही सूट घेतली तर गणित तेच राहतं. कंपनीचा दुसरा पूर्ण करपात्र धंदा असेल तर त्याच्या करातून क्रेडिट वळतं होतं. नुसतंच सेझमधलं युनिट असलेल्या कंपनीसाठी मात्र ‘शंभर टक्के सूट’ या शब्दांचा अर्थ साडेअठरा टक्के कर असा झाला. तिथे सरकारनं खरोखरच दिलेलं काढून घेतलं.

उसाच्या पट्ट्यातल्या वाचकांना प्रश्न पडेल, आमच्या कारखान्याचं काय? सहकारी साखर कारखाना ही कंपनी नव्हे, त्यामुळे मॅट त्याला लागत नाही. त्याच्या जोडीचा दुसरा एक कर सहकारी संस्था, भागीदारी वगैरेंना आहे. तो छापील नफ्यावरून न काढता घेतलेल्या ठरावीक वजावटी उत्पन्नात परत मिळवून काढतात. सहकारी संस्थांसाठी त्याचा दर २०२२ साली साडेअठरावरून पंधरा केला. शेजारचा खासगी साखर कारखाना मात्र कंपनी असतो आणि तो मॅटच्या कक्षेत येतो.

२० सप्टेंबर २०१९ रोजी जीएसटी परिषदेसाठी पणजीत आलेल्या निर्मला सीतारामन यांनी तिथेच पत्रकार परिषद घेतली आणि या सगळ्याला बगल देणारी वाट खुली केली. सवलती सोडा आणि २२ टक्के कर भरा, मॅट लागणार नाही. तर्क सरळ होता. मॅटची गरज सवलतींमुळे पडते, सवलतीच नसल्या तर मॅट कशाला? पण तिथे एक मेख होती. नव्या वाटेनं जाणाऱ्याला साठलेलं मॅट क्रेडिट वापरता येणार नाही, असं आयकर खात्यानं पंधरवड्याच्या आतच परिपत्रक काढून सांगितलं. ज्यांच्याकडे मोठं क्रेडिट होतं अशा कंपन्या म्हणून जुन्या वाटेवरच बसून राहिल्या. क्रेडिट संपलं की जाऊ, असा त्यांचा हिशेब.

२०२६च्या अर्थसंकल्पानं त्यांना तिथून उठवायचं ठरवलं. जुन्या वाटेवर राहणाऱ्यांसाठी मॅटचा दर पंधरावरून चौदा टक्के, पण तो अंतिम कर. १ एप्रिल २०२६पासून नवं क्रेडिट साठणार नाही. आधीचं क्रेडिट वापरायचं असेल तर नव्या वाटेवर या, आणि तिथेही दर वर्षीच्या कराच्या एक चतुर्थांशापुरतंच वापरा. समजा एखाद्या कंपनीकडे ४० कोटींचं जुनं क्रेडिट आहे आणि नव्या वाटेवर तिचा कर वर्षाला २० कोटी होतो. तिला दर वर्षी ५ कोटी वळते करता येतील, म्हणजे आठ वर्षं लागतील. त्या ४० कोटींतला जो भाग दहा-बारा वर्षांपूर्वी साठला असेल, त्याची पंधरा वर्षांची मुदत त्याआधीच संपेल.

आणि जुन्या वाटेवर राहिलेल्यांचं? आपल्या फौंड्रीच्या पहिल्या वर्षाला हा नवा नियम लावून बघा. २४ कोटींवर चौदा टक्क्यांनी ३ कोटी ३६ लाख. नेहमीचा कर ९० लाख. मधले २ कोटी ४६ लाख दुसऱ्या वर्षी परत येणार नाहीत, तिसऱ्याही नाही.